खारी आणि साजूक

कपाटाची चावी सापडत नव्हती, तास सुरू व्हायची घंटा होऊन गेली होती, आणि घाईत असली की मालू म्हात्रेच्या तोंडून जे निघतं तेच निघालं, "अगो, हितं तं नाय हाय!" स्टाफरूममध्ये चहा पिणारी नेहमीची मंडळी होती. खिडकीशी सुमती उत्तरपत्रिका घेऊन बसली होती. आणि दाराजवळच्या खुर्चीत धनेश होता, नाशिकहून नुकताच रुजू झालेला संख्याशास्त्राचा तरुण प्राध्यापक. मालूशी त्याचं 'नमस्कार मॅडम'च्या पुढे अजून काही बोलणं झालेलं नव्हतं. तो म्हणाला, "काय खारी मॅडम, नाय गावली का?" लोक हसले. फार नाही, चहाच्या कपावर फुंकर मारावी इतकंच. मालूही हसली. चावी पर्सच्या आतल्या कप्प्यात होती, ती मिळाली, कपाट उघडलं, नकाशांची गुंडाळी काखेत मारून ती वर्गाकडे चालू लागली. जिन्याच्या वळणावर तिला जाणवलं की आपले कान तापलेत. तव्यावरच्या भाकरीला पाण्याचा हात फिरवावा तसा कानांवर गार हात फिरवावासा वाटला. आपण का हसलो? आणि मग, एक पायरी वर गेल्यावर, दुसरं काहीतरी आत टोचलं. ते पहिल्यापेक्षा बारीक होतं आणि जास्त खोल गेलं. सुमतीसुद्धा हसली होती.

वर्गात ती पश्चिम किनाऱ्याच्या खाड्या शिकवत होती. हा विषय तिने डोळे मिटून शिकवला असता. पण आज प्रत्येक वाक्य तोंडातून निघण्याआधी दारावर कुणीतरी ते तपासून बघत होतं. 'पाणी' म्हणताना ण नीट आला का, 'नाही' म्हणताना ह सुटला तर नाही ना. अशा पहाऱ्यात बोलायला लागलं की विचाराचा अर्धा जीव पहारेकऱ्यालाच द्यावा लागतो. भरती-ओहोटीचं साधं कारण सांगताना ती मध्येच थांबली आणि पुढचा शब्द तिला आठवेना. पहिल्या बाकावरची मुलगी आशेने वर बघत राहिली. हे थांबणं तिच्या ओळखीचं होतं. इतक्या वर्षांनी ते परत आलं होतं, जुन्या भाडेकरूसारखं, दार न वाजवता.

अकरावीला ती पनवेलला आली तेव्हा पहिल्या आठवड्यातच हे थांबणं तिला चिकटलं होतं. उरणच्या वाटेवरचं तिचं गाव, बाप तुळशीराम मिठागरावर. गावात सगळेच 'आमी', 'तुमी', 'हाय', 'नाय' म्हणायचे, त्यामुळे आपण काही वेगळं बोलतो हेच तिला माहीत नव्हतं. वर्गात शिक्षकांनी विचारलं, "गृहपाठ?" ती म्हणाली, "नाय केला सर," आणि मागून एक बारीक आवाज आला, "नाऽय केऽला सर." मग तो रोज येऊ लागला. त्या मुलींना तिचं नावही नीट माहीत नव्हतं. मालूने उपाय शोधला: बोलायचंच नाही. विचारलं तर मान हलवायची. जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली बसून डबा खायचा, सुकटीचा वास कुणाला जाऊ नये म्हणून झाकण अर्धंच उघडायचं. एके दिवशी त्या जिन्याखाली सुमती ओक येऊन बसली. तिला एकटं बसायचं होतं, कारण तिची आई तेव्हा आजारी होती आणि मैत्रिणींना सारखं कशी आहे, कशी आहे ते सांगायचा तिला कंटाळा आला होता. दोघी न बोलता जेवल्या. दुसऱ्या दिवशीही. त्या पूर्ण वर्षात सुमतीने तिच्या बोलण्याची एकदाही नक्कल केली नाही. एकदाही नाही. मालू आता वर्गातल्या फळ्यापुढे उभी राहून हे स्वतःला दोनदा सांगत होती, जणू कुणी साक्ष मागितली होती.

नाव नंतर आलं, बरंच नंतर, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी. आणि खरं तर आधी नाव ठेवलं होतं मालूनेच. सुमती घरी न सांगता मालूच्या गावी आली होती. मालूची आई सखूबाई, तिने पाहुणी म्हणून खाडीतली ताजी बोय केली होती. सुमतीने जन्मात मासा खाल्ला नव्हता, तिने तो भेंडीसारखा चावला, आणि काटा घशात. डोळ्यांत पाणी, चेहरा लाल. सखूबाईने भाताचा सुका गोळा तिच्या तोंडात घातला, "गिल बाय, चावू नको, गिल," म्हणत पाठीवर थापट्या मारल्या. काटा खाली गेला. सुमतीने श्वास घेतला, नाक पुसलं आणि परत ताटाकडे हात नेला. तेव्हा मालू म्हणाली, "आता र्‍हाऊदे गो साजूक! तूप-भात देते तुला." म्हणाली आणि घाबरली. आपण ओकांच्या मुलीला हे काय बोललो? मग सुमतीने एक भुवई वर नेली, ती अजून तशीच नेते, आणि ख लांबवून, गाण्यातला सूर धरावा तशी म्हणाली, "थांब गं खाऽऽरी! काटा तुझाच आहे." तुळशीराम ओटीवर बसून भेगाळलेल्या टाचांना तेल लावत होता, तो गालातल्या गालात हसला. आपल्या बापाला कुणी परकं माणूस हसवू शकतं हे मालूने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हापासून खारी आणि साजूक. दोघी शिकल्या, एकीने खाड्या घेतल्या, दुसरीने रसायनं. दोघी पनवेलच्याच एका कॉलेजात शिकवायला लागल्या. मालूचं लग्न झालं, सुमतीने केलं नाही. मालू रोडपालीला राहायला गेली, सुमती जुन्या पनवेलात वडाळे तळ्याजवळच्या घरात राहिली. पनवेल त्यांच्या डोळ्यांदेखत सगळीकडून फुगत गेलं, मिठागरं होती तिथे इमारती उभ्या राहिल्या. आणि या जूनपासून मालू उपप्राचार्य होती. तिच्या गावातून त्या खुर्चीपर्यंत तोवर कुणी आलेलं नव्हतं. ऑर्डर आली त्या दिवशी सुमती केबिनच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती, "खारी, खुर्चीला गंज चढेल हं आता." मालूला त्या वाक्याचा इतका अभिमान वाटला होता की नवऱ्याला तिने सत्काराच्या हारांच्या आधी ते सांगितलं होतं.

मग आज काय झालं? शब्द तर तेच होते. संध्याकाळी पुलाखालच्या कोंडीत गाडी अडकली होती, पुढच्या कंटेनरचे लाल दिवे काचेवर पसरले होते, आणि मालू ते शब्द एखाद्या वहीत न बसणाऱ्या हिशोबासारखे उलटसुलट करून बघत होती. खारी. नाय गावली का. यात शिवी नव्हती. मुलगा वाईटही वाटत नव्हता, नीटनेटका, चेहऱ्यावर जरा घाम असलेला. तिने तो क्षण परत डोळ्यांपुढे आणला आणि हळूहळू तिला एक गोष्ट दिसली. बोलताना धनेशचे डोळे तिच्याकडे नव्हते. ते हसणाऱ्यांकडे होते, कोण हसतंय ते बघत होते. सुमती चिडवते तेव्हा तिचे डोळे शब्द पोचेपर्यंत मालूच्या चेहऱ्यावरून हलत नाहीत. एकदा, मालूच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेच्या दिवशी, बाहेरच्या पाहुण्यांपुढे सुमती बोलून गेली होती, "हिच्या प्रबंधात मीठ जरा जास्तच आहे." मालूचा चेहरा किंचित उतरला असावा. तिला स्वतःला ते कळायच्या आत सुमतीने वाक्य स्वतःवर वळवलं होतं, "म्हणजे माझ्यासारख्या अळणी माणसाला तसं वाटतं हो." पाहुणे हसले, ओझं सुमतीच्या खांद्यावर गेलं. हे ती कुठे शिकली असेल? ख लांबवणं, भुवई, सूर, ही सगळी आधी वाजवलेली घंटा असते: आता येतंय ते खरं धरू नकोस. धनेशने घंटा वाजवली नव्हती. त्याने शब्द सरळ, सपाट ठेवला. आणि वाजवली असती तरी त्या घंटेचा अर्थ तिला कुठून कळला असता? सुमतीच्या 'खारी'च्या मागे जिन्याखालचे डबे होते, घशातला काटा होता, तुळशीराम गेला तेव्हाचे दिवस होते. त्या दिवसांत सुमती रोज गावी येऊन बसायची आणि तिने तिला फक्त 'मालू' म्हटलं होतं. बापाच्या भेगाळलेल्या पायांवर ती कधी बोलली नाही. कुठे बोट लावायचं नाही हे तिला पाठ होतं, म्हणून बाकी सगळीकडे लावायला मोकळीक होती. धनेशच्या शब्दाच्या मागे काही नव्हतं. मागे काही नसलं की शब्द आपल्या जुन्या जागी जाऊन बसतो, आणि या 'नाय'ची जुनी जागा अकरावीतला मागचा बाक होता. शिवाय सुमतीला परत फेकायला तिच्याकडे 'साजूक' होतं. या मुलाला परत काय द्यायचं? त्याचं तिला काहीच माहीत नव्हतं. हातात काही नसताना अंगावर आलेला चेंडू दगडच वाटतो.

इतकं सगळं तिला कळलं, आणि तरी दुसरी गोष्ट निघेना. सुमती हसली होती. एकदा हे डोक्यात बसलं की मागची सगळी वर्षं त्या हसण्याच्या उजेडात वेगळी दिसायला लागली. साजूक आणि खारी. तूप वरच असतं. एवढी वर्षं आपण कशाला हसत आलो? तिला स्वतःचीच भीती वाटली, पण विचार थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत केबिनचं दार उघडून सुमती आत डोकावली, "ए खाऽरी, चहा घेणार ना?" तोच सूर, तीच भुवई. आणि मालूला तो लागला. अगदी कालच्यासारखा, त्याच जागी. समोर एक कारकून कागदांवर सह्या घ्यायला उभा होता. ती म्हणाली, "सुमती, कॉलेजात मला नावाने हाक मारत जा."

सुमती हसायला लागली आणि अर्ध्यात थांबली. कारकून निघून गेला. "काय झालं गं?"

"तू हसलीस काल."

"कधी?" मग तिला आठवलं. "अगं, तो पोरगा बावळट आहे. गंमत करायला गेला. तू पण हसलीस की."

"मी हसले कारण हसायला लागतं. तू का हसलीस?"

सुमती खुर्चीत बसली नाही. "मला वाटलं तुला चाललं. नेहमी चालतं."

"नेहमी तू म्हणतेस. त्याला कुणी दिलं ते नाव? तू भर स्टाफरूममध्ये ओरडतेस म्हणून ते उचललं त्याने. आमच्या घरातलं भांडं तू रस्त्यावर ठेवलंस."

"आमच्या घरातलं," सुमती सावकाश म्हणाली. "म्हणजे मी घराबाहेरची. आणि काल त्याच्यावर चिडलीस ते मला पण लागू. इतकी वर्षं मी पण तेच करत होते, असंच ना?" ज्या प्रश्नाला नाही म्हणायचं होतं त्याला मालू वेळेवर नाही म्हणाली नाही, आणि ती वेळ गेली. "ठीक आहे, म्हात्रे मॅडम," सुमती म्हणाली. त्यात टोमणाही नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मग सुरू झाला सभ्यपणा. सुमती 'म्हात्रे मॅडम' म्हणायची, दार वाजवून आत यायची, 'प्लीज' आणि 'थँक्यू' म्हणायची. वाढदिवसाला तिने सगळ्यांच्या आधी, पूर्ण वाक्यात शुभेच्छा दिल्या. यात नावं ठेवायला जागा नव्हती, आणि मालू घरी जाऊन ताटावरून उपाशी उठल्यासारखी बसायची. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की आदर ही मोठी गोष्ट आहे, आपल्या लोकांना ती कधी मिळाली नाही. आता ती मिळत होती, नीट इस्त्री केलेली, आणि तिच्यात माणूस नव्हतं. परक्याशी आपण जपून बोलतो कारण त्याचं काय दुखतं ते माहीत नसतं. सुमतीला तर सगळं माहीत होतं. म्हणजे ती मुद्दाम अनोळखी झाली होती. आणि तिला परत फिरवायचं तरी कसं? 'चिडव गं मला' असं कुणाला सांगता येत नाही. सांगितलं की ती चिडवणूक उरतच नाही.

धनेश एकदा केबिनमध्ये आला. वेळापत्रकाचं काम संपलं तरी उभा राहिला. "मॅडम, त्या दिवशी मी काहीतरी चुकीचं बोललो का? ओक मॅडम माझ्याशी बोलत नाहीत."

हे मालूला माहीत नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं. "बसा. का म्हणालात तसं?"

तो लाल झाला. "मी नवा आहे. इथं सगळे हसतखेळत बोलतात, मी नुसता ऐकत बसतो. मला वाटलं, तुम्हाला त्या नावाने हाक मारली की मी पण... म्हणजे, इथला होईन."

तिला त्याची एकदम कीव आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकत्र राहू शकतात. "त्या नावाने आम्ही जवळच्या झालो नाही हो सर. आधी जवळच्या झालो, मग नाव आलं. तुम्ही उलटं चाललात. दार बांधायच्या आधी कडी लावली." आणि मग तिच्या आत काहीतरी सरळ उभं राहिलं. पहारेकऱ्याला तिने आपल्या हाताने बाजूला केलं. "आनी दुसरं. माझी बोली ही गंमत नाय हाय. ती माझ्या बापाची हाय. तुमाला आवडली तं शिका, मी शिकवीन. पन नक्कल करू नका." धनेशने मान हलवली, "सॉरी मॅडम," म्हणाला, आणि दाराशी जाऊन वळून, "शिकेन." तो गेल्यावर मालूच्या लक्षात आलं की आपला एकही शब्द अडला नाही.

सुमतीच्या हाताचं तिला दुसऱ्यांकडून कळलं, हेच सगळ्यात वाईट. प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक दाखवताना तिच्या उजव्या हातातून काचेची नळी सुटून फुटली. हात थरथरत होता. डॉक्टर म्हणाले, भिण्यासारखं काही नाही, काहींचा हात वयानुसार असा कापतो, ताण आला की जास्त. पण ज्या बाईच्या अचूक मोजलेल्या थेंबाची शपथ घ्यावी अशी ख्याती होती, तिच्यासमोर आता सगळे हलक्या पावलांनी वावरत होते. चहाचा कप कुणीतरी आधीच टेबलावर ठेवायचं. कुणी तिच्या हाताकडे बघायचं नाही, इतकं बघायचं नाही की ते न बघणं खोलीभर दिसायचं. "मॅडम, तुम्ही बसा, आम्ही करतो." मालू हे लांबून पाहत होती. त्या सगळ्यांच्या चांगुलपणात सुमती दिवसेंदिवस बारीक होत चालली होती. तिच्याबरोबर कुणी हसत नव्हतं. सगळे जणू आजच तिला पहिल्यांदा भेटले होते.

दर वर्षी जानेवारीत भूगोलाची मुलं खाडीचं पाणी बाटल्यांत भरून आणायची आणि रसायनशास्त्राच्या मुलांसमोर सुमती त्यातलं मीठ मोजून दाखवायची. हा दोघींचा जुना खेळ होता. यंदा मालू स्वतः बाटल्या घेऊन प्रयोगशाळेमागच्या सामानाच्या खोलीत गेली. सुमती स्टुलावर बसली होती, मांडीवर उजवा हात, त्यावर डावा दाबून धरलेला. बाहेर मुलं जमली होती.

"ठेवा इथे, मॅडम," सुमती म्हणाली. "यंदा सहायक करेल. मी बसून सांगेन."

मालूने बाटल्या ठेवल्या. तिला माहीत होतं की आपण आता एकतर म्हणू 'बरं' आणि बाहेर जाऊ, किंवा. तिने सुमतीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं चिडवून घेताना तिला कधी कळलं नव्हतं की चिडवणाऱ्याला केवढं बघावं लागतं. डोळ्यांखालचं काळं, ओठांची घट्ट रेघ, आणि त्या रेघेच्या टोकाला, फारच थोडा, राग. राग होता म्हणजे सुमती अजून आत होती. नुसतं दुःख असतं तर मालू काही बोलली नसती. हात हीच दुखरी जागा होती आणि आपण तिथेच बोट ठेवणार होतो. चुकलं तर त्या 'म्हात्रे मॅडम'मधून परत यायला वाट नव्हती. तिने वळून खोलीचं दार लोटलं. बाहेरच्यांना यातला एक शब्दही जायला नको होता. मग ती सुमतीच्या शेजारच्या खोक्यावर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि म्हणाली, "काय गो साजूऽऽक. फ्लास्क हालवून हालवून दर साली हात दुखतो म्हनून रडायचीस. आता आपोआप हालंल. आनखी काय पायजे तुला?"

सुमतीने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मालूला आपली सगळी मैत्री तराजूत ठेवल्यासारखी वाटली. पण तिने डोळे हलवले नाहीत. हलवता आलेच नसते.

"निर्लज्ज," सुमती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "निर्लज्ज बाई. महिनाभर कुणी माझ्याशी नीट बोललं नाही." आणि ती हसली की रडली ते मालूला कळलं नाही, कारण ती स्वतःही तेच करत होती. "त्या दिवशी मी हसले ना," सुमती डोळे पुसत म्हणाली, "ते मला घरी जाऊन कळलं. त्या पोराच्या तोंडात ते नाव इतकं घाण वाटलं मला. म्हणून त्याच्याशी बोलत नव्हते. आणि तुझ्याशी बोलायची लाज वाटत होती."

"मी नाय म्हनायला पायजे होतं. तू इचारलंस तवा."

"हो. पाहिजे होतं." सुमतीने ते गोड करून टाकलं नाही, आणि मालूला ते बरं वाटलं. मग सुमती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली, एखाद्या नव्या उपकरणाकडे बघावं तशी. "तू म्हणालीस ते खरंच आहे की पण," ती म्हणाली. तिच्या आवाजात शिक्षिका परत आली होती. "नळीची तोटी डाव्या हातात असते. डावा चांगला आहे. उजव्याला नुसता फ्लास्क फिरवायचा असतो. मी नळी उजव्या हातात धरून भरायला गेले म्हणून फुटली. भरायला कुणीही भरेल." ती उठली.

बाहेर मुलं गप्प झाली. सहायक पुढे आला, सुमतीने त्याला फक्त ब्युरेट, ती तोटीची नळी, भरायला लावली आणि बाजूला केलं. खाडीच्या पाण्यात तिने पिवळा सूचक घातला. फ्लास्क उजव्या हातात घेतला. हात कापत होता आणि सगळ्यांना दिसत होतं. पाणी काचेत लहान लहान लाटांनी फिरत होतं. डाव्या हाताने तिने तोटी उघडली. चांदीच्या द्रावणाचा थेंब पडला, जिथे पडला तिथे क्षणभर तांबडं उमटलं आणि विरलं, खाली दह्यासारखं पांढरं साचत गेलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने न राहवून विचारलं, "मॅडम, तुमचा हात का हलतोय?" कुणीतरी तिला कोपराने ढोसलं. दाराशी धनेश उभा होता, त्याने खाली बघितलं.

"फ्लास्क सतत हलता ठेवायचा असतो, म्हणून," सुमती म्हणाली. "तुम्हाला कष्ट करावे लागतात. मला लागत नाहीत." वर्ग आधी चाचरला, मग तिच्या वर गेलेल्या भुवईकडे बघून हसला. मालू हसली नाही. ती कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिची मान इतकी ताठ झाली होती की दुखायला लागली. उपप्राचार्यपदाच्या हारांच्या दिवशीही ती अशी उभी राहिली नव्हती.

सुमतीने तोटी आवळत आणली. आता थेंब एकेक करून, मध्ये थांबून पडत होते. तांबडं रेंगाळायला लागलं. अजून एक. अर्धा, तोटीच्या टोकाला लटकलेला, तिने काचेच्या कडेला टेकवून आत धुऊन घेतला. फ्लास्कमधला पिवळा रंग विटेच्या कोवळ्या छटेला वळला आणि तिथेच राहिला.

"म्हात्रे मॅडम, वाचन घ्या," सुमती मोठ्याने म्हणाली. ते 'म्हात्रे मॅडम' मुलांसाठी होतं, आणि यावेळी त्याला ऊब होती. मालू पुढे झाली, नळीवरच्या रेघेच्या बरोबरीने डोळा यावा म्हणून वाकली आणि आकडा वाचला. मुलांनी तो उतरवून घेतला, वह्या मिटल्या, बाकांखालून पाय सरकले.

"कुठे निघालात?" सुमती म्हणाली. "एका वाचनावर कधी विश्वास ठेवायचा नसतो." आणि तिने दुसरा फ्लास्क त्याच उजव्या हातात उचलला.